निफ्टीची ६३५७ ची लेव्हल: स्वीप की ब्रेकआऊट, प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. चार्टवर दोन-तीन टॉप जवळपास एकाच उंचीवर बनलेत, म्हणजे इक्वल हाईज, आणि किंमत त्यांच्या वर गेली. आता हे खरं ब्रेकआऊट आहे की वरचे स्टॉपलॉस गोळा करून मार्केट परत खाली येणार, म्हणजे स्वीप, हे ठरवायचा एक नियम मला हवाय. नियम असा हवा की तो कोडमध्ये लिहिता येईल आणि मागच्या डेटावर चालवून बघता येईल. चार्टवर नंतर गोल काढून "बघा इथे लिक्विडिटी घेतली" म्हणणं कुणालाही जमतं, चार्टची उजवी बाजू, म्हणजे पुढे काय झालं ते, दिसत असतं ना. उजवी बाजू झाकून ठेवून सांगता येतं का, प्रश्न तेवढाच आहे.

पाच मिनिटांच्या चार्टपासून सुरुवात करणार नाही असं ठरवलंय. तिथे इक्वल हाईज दिवसाला ढिगाने सापडतात आणि हवं ते सिद्ध करता येतं. त्यापेक्षा एकच मोठी लेव्हल घ्यायची जी सगळ्या देशाला माहीत होती, जिच्यावर आधी स्वीप झाला आणि नंतर खरं ब्रेकआऊटही झालं. लेव्हल तीच, निकाल दोन वेगवेगळे, मग फरक कशात होता ते शोधायला सोपं जातं. निफ्टीमध्ये अशी एक आहे, २००८ चा टॉप.

१३ जानेवारी

डेली डेटा काढला, स्पॉट निफ्टी.

८ जानेवारी २००८ ला निफ्टीने ६३५७.१० चा हाय केला. त्यानंतर काय झालं ते सगळ्यांना आठवतं, ऑक्टोबर २००८ मध्ये २२५२.७५ पर्यंत घसरण. मग परत वर येत येत ५ नोव्हेंबर २०१० ला, दिवाळीच्या मुहूर्ताच्या ट्रेडिंगला, ६३३८.५० चा हाय. तिथून परत खाली, डिसेंबर २०११ मध्ये ४५३१.१५. मग ३ नोव्हेंबर २०१३, परत मुहूर्त, आणि परत ६३४० च्या थोडं वर जाऊन ६३१७.३५ ला बंद. दोन्ही वेळा मुहूर्तच यावा हा योगायोग आहे, पण लक्षात ठेवण्यासारखा, कारण ते सेशन असतं सुमारे तासाभराचं, व्हॉल्यूम पातळ, त्यामुळे तिथला हाय चार्टवर रेघ म्हणून राहतो पण त्या भावाला फार मोठी उलाढाल झालेली नसते.

आता इक्वल म्हणजे किती इक्वल? ६३५७.१० आणि ६३३८.५० मधला फरक १८.६० पॉइंट, म्हणजे ०.३ टक्क्याच्या आत. पाच मिनिटांच्या चार्टवर १८ पॉइंटच्या फरकाला कुणी इक्वल म्हणणार नाही, पण मध्ये चार हजार पॉइंटची पडझड झालेली असताना मंथली चार्टवर ही सरळ एक रेघ दिसते. म्हणून टॉलरन्स पॉइंटमध्ये ठेवायचा नाही, त्या टाइमफ्रेमच्या एटीआरच्या, म्हणजे एका कॅन्डलमधल्या सरासरी हालचालीच्या, तुलनेत ठेवायचा. मी एटीआरचा पाव हिस्सा धरतोय. दुसरी अट, दोन टॉपच्या मध्ये खरी घसरण हवी. दोन कॅन्डलचे हाय शेजारीशेजारी सारखे आले तर तो एकच टॉप, ते इक्वल हाईज नव्हेत. मध्ये किंमत लांब जाऊन आली की मगच लोक त्या रेघेला रेझिस्टन्स म्हणायला लागतात, तिथे विकतात आणि स्टॉप तिच्या वर ठेवतात.

लेव्हल म्हणून गटातला सगळ्यात वरचा हाय घ्यायचा, सरासरी नाही. स्टॉप सगळ्यात वरच्या टोकाच्या पलीकडे असतात. म्हणजे आपली रेघ ६३५७.१०.

१५ जानेवारी

रेघेच्या वर नक्की कुणाच्या ऑर्डर असतात हे आज नीट मांडून घेतलं, कारण नियमाचा पाया तोच आहे.

पहिले, ज्यांनी रेझिस्टन्सला शॉर्ट केलंय, म्हणजे भाव पडेल म्हणून आधीच विकून ठेवलंय ते. त्यांचा स्टॉपलॉस म्हणजे वरती ठेवलेली खरेदीची ऑर्डर. दुसरे, ब्रेकआऊटवाले, ज्यांनी "हाय तुटला की घ्या" अशी ट्रिगर लावून ठेवलीये, तीही खरेदीच. तिसरे, कॉल विकून बसलेले, जे किंमत वर निघाली की फ्यूचर घेऊन स्वतःला सांभाळतात, परत खरेदीच. म्हणजे रेघ ओलांडली की थोड्या वेळात खरेदीचा एक लोंढा येतो, आणि त्यातले बरेचजण भावाची घासाघीस न करता जो भाव मिळेल त्याला घेणारे असतात.

आता ज्याला खूप माल विकायचाय त्याच्या बाजूने बघा. लासलगावला एखाद्याने ट्रकच्या ट्रक कांदा आणला आणि समोर चारच व्यापारी उभे असले तर तो स्वतःच भाव पाडून घेतो, त्याला गर्दीचा दिवस हवा असतो. मोठ्या विक्रेत्याला रेघेच्या वर ती गर्दी आयती मिळते. लिक्विडिटी म्हणतात ती हीच.

पण एक गोष्ट बरेच जण उलटी सांगतात. एनएसईवर स्टॉपलॉस ऑर्डर ट्रिगर होईपर्यंत वेगळ्या बुकात पडून असते, मार्केट डेप्थमध्ये कुणालाच दिसत नाही. म्हणजे कुणी तुमचा स्टॉप "बघून" मारत नाही, स्टॉप कुठे असणार याचा अंदाज सगळे बांधतात, कारण सगळे तोच चार्ट बघतात. आणि दुसरं, स्टॉप लागले म्हणून मार्केट उलटत नाही. अर्थशास्त्रज्ञ कॅरल ऑस्लर यांनी चलन बाजारातल्या प्रत्यक्ष ऑर्डर घेऊन अभ्यास केला होता, त्यात खरेदीचे स्टॉप गोल आकड्यांच्या जरा वर एकवटलेले दिसले आणि प्रॉफिट बुकिंगच्या ऑर्डर बरोबर गोल आकड्यांवर, आणि स्टॉपच्या त्या गठ्ठ्यात किंमत शिरली की चाल थांबायच्या ऐवजी त्याच दिशेने आणखी जोर धरते असं निघालं. बरोबरच आहे, खरेदीची ऑर्डर किंमत वरच ढकलणार. मग स्वीपमध्ये किंमत खाली का येते? कारण ती सगळी खरेदी पचवून उरेल एवढी विक्री समोर उभी असते. विक्री नसली तर तेच स्टॉप ब्रेकआऊटला इंधन होतात.

म्हणजे रेघ तुटण्याच्या क्षणी स्वीप आणि ब्रेकआऊट सारखेच दिसतात. दोन्हीत स्टॉप लागतात, व्हॉल्यूम वाढतो, कॅन्डल हिरवी आणि मोठी असते. फरक दिसतो तो लोंढा संपल्यावर, वरच्या भावाला नवीन खरेदीदार येतात का यात. तुटतानाच्या व्हॉल्यूमवर निर्णय घ्यायचा नाही हे आजच ठरवून टाकलं. त्या व्हॉल्यूममध्ये स्टॉपची खरेदी किती आणि मनापासूनची किती हे वेगळं करता येत नाही. शिवाय हा स्पॉट इंडेक्स आहे, त्याची स्वतःची खरेदी-विक्री होतच नाही, जो व्हॉल्यूम दिसतो तो आतल्या शेअर्सची बेरीज.

१८ जानेवारी

९ डिसेंबर २०१३. हा दिवस सावकाश बघितला.

आदल्या दिवशी, रविवारी, चार राज्यांचे निकाल लागले होते. मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड भाजपकडे, दिल्ली त्रिशंकू. शुक्रवारी निफ्टी ६२५९.९० ला बंद होता. सोमवारी सकाळी थेट ६४१५ च्या आसपास उघडला, दीडशे पॉइंटचा गॅप. म्हणजे ६३३८, ६३५७, सगळ्या रेघा एकाही ट्रेडशिवाय ओलांडल्या गेल्या. ज्यांचे स्टॉप ६३६० ला होते त्यांना ६३६० मिळालाच नाही, उघडल्या उघडल्या जो मिळाला तो भाव. हाय लागला ६४१५.२५, म्हणजे जवळपास ओपनच दिवसाचा हाय. नंतर दिवसभर घसरत ६३६३.९० ला बंद.

आता गंमत बघा, क्लोज ६३६३.९० आणि आपली रेघ ६३५७.१०. म्हणजे रेघेच्या वर ६.८० पॉइंटने क्लोज! "रेघेच्या वर डेली क्लोज मिळाला की ब्रेकआऊट" हा नियम सगळीकडे सांगतात, आणि त्या नियमाने हा दिवस सरळ ब्रेकआऊट ठरतो. आतापर्यंतचा सगळ्यात उंच क्लोजही तोच होता, दुसऱ्या दिवशीचे मथळे तसेच होते.

पण कॅन्डल बघितली तर दुसरंच दिसतं. ओपन वर, क्लोज खाली, हायपासून पन्नासच्या वर पॉइंट गमावलेले. गॅपमध्ये ज्यांनी घेतलं ते सगळे संध्याकाळी तोट्यात. इतकी चांगली बातमी, नवा विक्रम, तरी पहिल्या मिनिटानंतर त्या भावाला पुढे घेणारा कुणी आला नाही. आणि पुढचे क्लोज बघा: १० तारखेला ६३३२.८५, ११ ला ६३०७.९०, १२ ला ६२३७.०५, १३ ला ६१६८.४०. एकही परत रेघेच्या वर नाही.

म्हणून क्लोज रेघेच्या वर की खाली एवढं विचारून भागत नाही. क्लोज दिवसाच्या रेंजमध्ये कुठे आला आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत किंमत वर टिकली का, हे दोन्ही विचारायचं. त्यातही दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. वरची विक, म्हणजे कॅन्डलच्या वर निघालेली बारीक काडी, लांब असूनही दुसऱ्या दिवशी किंमत रेघेच्या वर टिकली आणि पुढे गेली असं पुष्कळदा होतं, पण रेघेखाली लागोपाठ दोन-तीन क्लोज झाल्यावर त्याला ब्रेकआऊट म्हणत बसण्यात अर्थ नाही.

१९ जानेवारी

कालच्यात एक राहिलं. स्वीप झाल्यावर रेघ बदलते.

९ डिसेंबरनंतर ६३५७ चे शॉर्टवाले तर उडाले, त्यांचे स्टॉप लागून गेले. आता जे नवीन शॉर्ट करणार त्यांचे स्टॉप ६४१५ च्या वर. आणि जे ९ तारखेच्या सकाळी वर घेऊन अडकलेत ते "परत आपला भाव आला की सुटतो" म्हणून वाट बघत बसलेत. म्हणजे ६३५७ ते ६४१५ या पट्ट्यात आता विक्री भरून ठेवलीये. २३ जानेवारी २०१४ ला निफ्टी परत ६३४५.६५ ला बंद झाला, रेघेला अगदी खेटून, आणि तिथून उलटला. ४ फेब्रुवारीला ५९३३.३० चा लो.

त्यामुळे यापुढे ब्रेकआऊट सिद्ध करायचं तर ६३५७ पुरेसं नाही, ६४१५.२५ च्या वर जाऊन टिकायला हवं. कोडमध्ये हे घालायचंय: एकदा "sweep" लेबल लागलं की level ची जागा स्वीपचा हाय घेणार.

२२ जानेवारी

आता मार्च २०१४, तीच जागा.

इथे येण्याची पद्धतच वेगळी होती. डिसेंबरमध्ये एका गॅपमध्ये सगळं पार झालं होतं. फेब्रुवारीत मात्र ५९३३ पासून महिनाभर पायरी पायरीने वर, प्रत्येक घसरण आधीच्यापेक्षा वर थांबलेली. ५ मार्चला लोकसभा निवडणुकीच्या तारखा जाहीर झाल्या, त्याच दिवशी चालू खात्यातली तूट बरीच कमी झाल्याचा आकडाही आला. ६ मार्चला क्लोज ६४०१.१५, म्हणजे जुन्या रेघेच्या ४४ पॉइंट वर पण स्वीपच्या हायच्या खालीच. आपल्या नव्या नियमाने अजून काहीच सिद्ध नाही. ७ मार्चला ६५२६.६५. एका दिवसात सव्वाशे पॉइंट, आणि क्लोज वरच्या टोकाला. ९ डिसेंबरच्या बरोबर उलटी कॅन्डल, दिवसभर खरेदी येत राहिली आणि संध्याकाळपर्यंत कुणी मागे ढकललं नाही.

त्यानंतरचे क्लोज ६५३७.२५, ६५११.९०, ६५१६.९०. पुढचे दोन आठवडे क्लोज ६४८० ते ६५४० मध्येच घुटमळत राहिले, कंटाळवाणे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा हा कंटाळाच आहे. लोक ब्रेकआऊटची मोठी हिरवी कॅन्डल बघतात, पण खरं कळतं ते नंतर, किंमत रेघेच्या वर बसून राहते, वर विकणारे विकतात, प्रॉफिटवाले बाहेर पडतात आणि तरी एकही क्लोज ६४१५ खाली येत नाही. म्हणजे तो सगळा माल कुणीतरी शांतपणे घेतोय. स्वीपमध्ये असा मुक्काम होत नाही, तिथे अडकलेल्यांना बाहेर पडायची घाई असते म्हणून किंमत झटपट परत येते. २४ मार्चला ६५८३.५० ला क्लोज देऊन पट्टा वरच्या बाजूने सुटला.

२४ जानेवारी

कोड लिहिला. मुद्दाम छोटा ठेवलाय. `i` म्हणजे ज्या कॅन्डलचा हाय पहिल्यांदा रेघेच्या वर गेला ती, `n` म्हणजे पुढे किती क्लोज बघायचे, `buf` म्हणजे ब्रेकआऊटसाठी क्लोज रेघेच्या वर एटीआरच्या किती भागाने हवेत.

```python
def label(df, i, level, n=3, buf=0.25):
    later = df["close"].iloc[i+1 : i+1+n]
    if len(later) < n:
        return "wait"
    atr = df["atr"].iloc[i]
    if (later < level).sum() >= 2:
        return "sweep"
    if (later > level + buf * atr).all():
        return "breakout"
    return "wait"
```

उत्तरं तीन ठेवलीत, दोन नाहीत, आणि हे महत्त्वाचं आहे. दोनच उत्तरं ठेवली की कोडला प्रत्येक वेळी काहीतरी म्हणावंच लागतं आणि मधल्या प्रकरणांत तो नाणेफेक करतो.

९ डिसेंबर २०१३ ला चालवला, रेघ ६३५७.१०: तिन्ही क्लोज खाली, `sweep`. ७ मार्च २०१४, रेघ ६४१५.२५: तिन्ही क्लोज बऱ्यापैकी वर, `breakout`. पण नियम याच दोन उदाहरणांवरून बनवलाय, तेव्हा इथे बरोबर येणं हा काही पुरावा नाही. दुसऱ्या मार्केटवर बघायला हवं.

आणि किंमत काय मोजावी लागते तेही लिहून ठेवतो. लेबल तीन क्लोजनंतर लागतं, म्हणजे १२ डिसेंबरला, ६२३७ ला. तिथे शॉर्ट केलं आणि स्टॉप ६४१५ च्या वर ठेवला तर जवळपास १८० पॉइंटची रिस्क. दुसरा खालचा क्लोज आला तेव्हाच, ११ तारखेला ६३०८ ला केलं असतं तर १०८. आणि १० तारखेला, पहिल्याच क्लोजवर, ८३, पण तेव्हा पुरावा एकच होता. जितका पुरावा जास्त तितका स्टॉप लांब, यातून सुटका नाही. मी दोन क्लोजवर थांबायचं म्हणतोय. जो स्वीपच्या विकच्या टोकाला शॉर्ट केल्याचे चार्ट दाखवतो त्याच्याकडे त्या क्षणी कुठलाच पुरावा नसतो, स्टॉप लहान असतो एवढंच, आणि खऱ्या ब्रेकआऊटमध्ये असे लहान स्टॉप एकामागून एक लागत जातात.

अजून एक, ६३०८ चा शॉर्ट २३ जानेवारीच्या ६३४५ च्या क्लोजला तोट्यात होता. ज्याने मधल्या काळात स्टॉप एंट्रीच्या भावाला आणून ठेवला असता तो बाहेर फेकला गेला असता आणि नंतरची ५९३३ पर्यंतची घसरण त्याला मिळाली नसती. स्वीप ओळखणं बरोबर असूनही पैसे मिळतीलच असं नाही.

२८ जानेवारी

दुसरं मार्केट: अमेरिकेचा एस अँड पी ५०० इंडेक्स. इथेही अगदी तशीच रेघ आहे.

मार्च २००० चा हाय १५५२.८७. जुलै २००७ चा हाय १५५५.९०. सात वर्षांच्या अंतराने तीन पॉइंटचा फरक, याच्यापेक्षा इक्वल काय असणार. मग ऑक्टोबर २००७ मध्ये वर, ११ ऑक्टोबरला १५७६.०९ चा हाय आणि त्याच दिवशी क्लोज १५५४.४१, रेघेच्या खाली. तिथून मार्च २००९ पर्यंत ६६६.७९. आणि हीच रेघ २०१३ मध्ये खरी तुटली. म्हणजे परत स्वीप आणि ब्रेकआऊट दोन्ही.

कोड डेलीवर चालवला तर दोन्ही वेळा `wait`. २००७ मध्ये किंमत पहिल्यांदा रेघेच्या वर गेली ५ ऑक्टोबरला, पुढचे तीन क्लोज १५५२.५८, १५६५.१५, १५६२.४७, एक खाली दोन वर. २०१३ मध्ये नवी रेघ १५७६.०९, ती ओलांडली १० एप्रिलला, पुढचे तीन १५९३.३७, १५८८.८५, १५५२.३६, परत एक खाली दोन वर. आकड्यांचा आकार तोच, आणि एकातून ५० टक्क्यांहून जास्त घसरण, दुसऱ्यातून पुढे वर्षानुवर्षांची तेजी.

२०१३ चं तर अजून वाईट. १८ एप्रिलला क्लोज १५४१.६१, रेघेच्या ३४ पॉइंट खाली. डेली चार्टवर हा कुणीही स्वीप म्हणेल असा स्वीप होता. आणि ३ मे ला १६१४.४२. ज्यांनी एप्रिलमध्ये "बघा वरचे स्टॉप घेतले" म्हणून शॉर्ट केलं त्यांच्याच स्टॉपवर मे मधली चाल झाली असणार.

२९ जानेवारी

रात्री यावर बराच विचार केला. चूक नियमात नाहीये, घड्याळात आहे. रेघ बनायला सात वर्षं लागली आणि निर्णय तीन दिवसांत मागतोय. त्या रेघेच्या वर-खाली ज्यांचे सौदे आहेत ते म्युच्युअल फंड, पेन्शन फंड, त्यांना पोझिशन बदलायलाच आठवडे लागतात. तीन दिवसांचे क्लोज म्हणजे फक्त छोट्यांची धावपळ.

तोच कोड मंथली कॅन्डलवर चालवला. ऑक्टोबर २००७ चा क्लोज १५४९.३८, पुढे नोव्हेंबर १४८१.१४, डिसेंबर १४६८.३६. दोनातच `sweep` ची अट पूर्ण. एप्रिल २०१३ चा क्लोज १५९७.५७, पुढे १६३०.७४, १६०६.२८, १६८५.७३, तिन्ही वर, `breakout`. एप्रिलमधला तो सगळा गोंधळ मंथलीवर एका कॅन्डलच्या खालच्या विकमध्ये मावून गेला.

निफ्टीवर परत मंथली: डिसेंबर २०१३ चा क्लोज ६३०४, रेघेच्या खाली. जानेवारी ६०८९.५०, फेब्रुवारी ६२७६.९५. `sweep`. मार्चचा क्लोज ६७०४.२०, पुढे ६६९६.४०, ७२२९.९५, ७६११.३५. `breakout`.

मग नियमात एक ओळ वाढली: टॉप ज्या टाइमफ्रेमवर बनलेत त्याच टाइमफ्रेमचे क्लोज मोजायचे. टॉपमध्ये वर्षांचं अंतर असेल तर मंथली, महिन्या-दीड महिन्याचं असेल तर डेली, एकाच सेशनमधले असतील तर पंधरा मिनिटं. निफ्टीला २०१३ मध्ये डेलीनेही बरोबर उत्तर दिलं होतं, पण एस अँड पी बघितल्यावर त्यावर विसंबायची माझी तयारी नाही.

अर्थात मंथलीची किंमत जबर आहे. निफ्टीच्या `sweep` ची दोन क्लोजची अट मंथलीवर पूर्ण झाली फेब्रुवारी २०१४ च्या शेवटी, आणि आठवड्याभरात खरं ब्रेकआऊट आलं! म्हणजे शॉर्ट करायला ते लेबल काही कामाचं नव्हतं. त्याचा उपयोग एवढाच, की डिसेंबरचा ६३०४ चा क्लोज बघून रेघेच्या वर नवीन खरेदी करायची नाही, आणि मार्चमध्ये ६४१५ सुटल्यावर शॉर्ट धरून बसायचं नाही.

२ फेब्रुवारी

एका मित्राला हे सगळं दाखवलं, तो रोज बँक निफ्टीचे ऑप्शन करतो. त्याचा पहिला प्रश्न, "अरे पण मला तीन क्लोज थांबायला वेळ कुठाय, एक्स्पायरीला दुपारी दोन वाजता हाय स्वीप होतो आणि अडीचला खेळ संपतो."

प्रश्न बरोबर आहे. पंधरा मिनिटांच्या तीन कॅन्डल म्हणजे पाऊण तास, तोवर ऑप्शनचा प्रीमियम वितळलेला असतो. त्याला मी एवढंच सांगितलं की थांबायला वेळ नसेल तर तो सौदा स्वीपचा नाहीच, तो अंदाजाचा आहे, मग क्वांटिटी त्या हिशोबाने ठेव. आणि दुसरं, ऑप्शनमध्ये एनएसईने २०२१ मध्येच SL-M, म्हणजे नुसता ट्रिगर देऊन मिळेल त्या भावाला भरला जाणारा स्टॉपलॉस, बंद केलंय, SL लावताना ट्रिगरसोबत लिमिटचा भावही द्यावा लागतो. स्वीपच्या झटक्यात प्रीमियम त्या लिमिटला उडी मारून पुढे गेला तर ऑर्डर ट्रिगर होते पण भरली जात नाही, स्टॉप लावलाय या भरवशावर माणूस बसतो आणि पोझिशन उघडीच असते. ज्याचे स्टॉप रेघेच्या जरा वर आहेत त्याने ट्रिगर आणि लिमिटमध्ये ऐसपैस अंतर ठेवायलाच हवं, आणि शक्यतो स्टॉप त्या गर्दीच्या जागीच नको, एटीआरचा निम्मा भाग तरी पलीकडे, क्वांटिटी त्याप्रमाणे कमी करून.

त्याच्या बोलण्यातून एक कामाची गोष्ट निघाली. तो म्हणाला रेघ ओलांडल्यावर तो निफ्टी बघत नाही, आतले मोठे शेअर बघतो. इंडेक्स नव्या हायवर आणि एचडीएफसी बँक, रिलायन्स, आयसीआयसीआय यातला एखादाच नव्या हायवर असेल तर त्याला त्यात दम वाटत नाही. हे तपासता येण्यासारखं आहे. वजनाने पहिले दहा शेअर घ्यायचे आणि इंडेक्सने रेघ ओलांडली त्या दिवशी त्यातले किती स्वतःच्या मागच्या टॉपच्या वर बंद झाले ते मोजायचं. फक्त वजनं त्या काळची घ्यायला हवीत, आजची यादी २०१३ ला लावून चालणार नाही, इंडेक्समधले शेअर बदलत असतात आणि जे टिकले ते टिकले म्हणूनच आज यादीत आहेत.

पुढचं काम ठरलं: एनएसईच्या जुन्या पत्रकांतून डिसेंबर २०१३ आणि मार्च २०१४ ची वजनं काढायची, `label` ला टाइमफ्रेम निवडायची सोय करायची, आणि `wait` आलेल्या प्रकरणांची वेगळी फाइल ठेवायची, कारण २०१३ च्या एप्रिलसारखी खरी अवघड प्रकरणं सगळी तिथेच जमा होणार आहेत.